पैठणी १९,५०० ची? (बी विंग गप्पा ग्रुप, घोडबंदर रोड)

*नेहा, बी-४०२:* ठाण्यातल्या प्रदर्शनात येवल्याच्या एका विणकराची पैठणी बघितली. साडी १९,५०० ला. मी ९,००० म्हटलं तर त्याने नुसतं हसून घडी घातली 😅 ऑनलाइन तर अडीच हजारात मिळतात!

*प्रसाद, बी-१०३:* प्रदर्शनात अर्ध्यापासूनच सुरू करायचं असतं.

*सुलभाकाकू, बी-७०१:* प्रसाद, भाजी नाही ती. नेहा, पदर कसा होता?

*नेहा:* दोनेक वीत असेल. मोर होते. अंग साधं, बारीक बुट्टी.

*सुलभाकाकू:* माझं माहेर येवल्याचं, चुलतभावाचा माग आहे. त्याच्या हिशोबाने सांगते. अशा साडीत तयार रेशीम धर ४०० ग्रॅम. कच्चं मात्र साधारण ५३० लागतं, कारण रंगवण्याआधी साबण-सोड्यात उकळून रेशमावरचा डिंक काढतात, त्यात पाव वजन जातं. किलोला ५,५०० धरले तर २,९०० झाले. जर ४०० ची (चांदीची नव्हे हो, साधी टेस्टेड), उकळणं-रंगाई ५००, ताणा आणि सांधणी ६००. माल ४,४००.

*प्रसाद:* मग १५,००० नफा?

*सुलभाकाकू:* थांब की! अंगाला १० दिवस, पदराला १२. पदरात मोराच्या प्रत्येक रंगाच्या धाग्याची वेगळी छोटी तिल्ली असते, ती हाताने फिरवून शेजारच्या रंगात अडकवायची. दिवसभर बसून दीड इंच. २२ दिवस, रोज ६०० ने १३,२००. म्हणजे १७,६०० तर घरातच. वरच्या १,९०० मध्ये स्टॉलचं भाडं, प्रवास, इथलं राहणं.

*नेहा:* आणि माझे ९,०००?

*सुलभाकाकू:* माल काढ. उरले ४,६००, भागिले २२. दिवसाला २०९. त्यातच कांड्या भरून देणारी बायको आली.

*नेहा:* 🙈

*मोहन जोशी, बी-५०४:* काकू, पण हातमागाचीच कशावरून? सांगणारे सगळेच हातमाग सांगतात.

*सुलभाकाकू:* पदर उलटा करायचा. तिल्लीचा मोर मागूनही तसाच स्वच्छ दिसतो. मागे मोकळे धागे लोंबत असतील किंवा कापलेले असतील तर तो तिल्लीचा नव्हे. मात्र नक्षीसाठी धागे उचलणारं जॅकार्ड यंत्र हातमागावरही असतं, तिथे मागे धागे दिसतात. साडी तरी हातमागाचीच, फक्त दिवस कमी लागतात, म्हणून भावही कमी हवा.

*प्रसाद:* सिल्क मार्क असला की झालं ना?

*सुलभाकाकू:* तो रेशीम शुद्ध असल्याचं सांगतो. पॉवरलूमच्या शुद्ध रेशमी साडीलाही मिळतो.

*नेहा:* म्हणजे घासाघीस करायचीच नाही?

*सुलभाकाकू:* कर, पण त्या १,९०० मध्ये. कापडी पिशवी माग, फॉल-पिको करून माग. आणि पदर छोटा चालत असेल तर तसं सांग, सहा-सात दिवस वाचतील, साडी खरोखर चारेक हजारांनी उतरेल.

*नेहा:* उद्या दुपारी परत जातेय. काकू, येता?

*सुलभाकाकू:* चार वाजता. रिक्षा तुझी.