मोठ्या फोनवर एका हाताने स्वाइप टायपिंग: तुमचे अनुभव लिहा

निळी शाई

दोन महिन्यांपूर्वी ६.७ इंचांचा फोन घेतला. आधीच्या लहान फोनवर एका हाताने सहज टाइप व्हायचं, इथे उजवा अंगठा q आणि a पर्यंत पोचतच नाही. म्हणून जीबोर्डमध्ये चार चौकोनांच्या चिन्हावर जाऊन एकहाती कीबोर्ड लावला. तो आक्रसून उजव्या कडेला चिकटला आणि सगळी अक्षरं हाताशी आली. सोबत स्वाइपही सुरू केलं. मराठी मी रोमन अक्षरांतूनच लिहिते, nahi वरून बोट फिरवलं की «नाही» उमटतं.

लांब शब्द झकास येतात. गोची होते ती तू, ती आणि तो लिहिताना. परवा नाटकाच्या तालमीच्या ग्रुपवर «ती येणार नाही» असं लिहायचं होतं, गेलं «तो येणार नाही». नायकाचं काम करणाऱ्याला तीन जणांचे फोन गेले, तो बिचारा वेळेवर येऊन बसला होता. तेव्हापासून पाठवण्याआधी दोनदा वाचते, आणि स्वाइपने वाचवलेला वेळ त्यातच पुन्हा खर्ची पडतो. तुम्ही कीबोर्ड कसा बसवलाय, कुठे अडता आणि त्यावर काय केलंत ते सविस्तर लिहा. फक्त «छान आहे» नको.

वाटाड्या

तुमची चूक नाही, वरच्या ओळीची मांडणीच तशी आहे. t, y, u, i, o, p एका रेषेत येतात. त्यामुळे tu, ti आणि to ही एकच सरळ रेघ आहे, फरक फक्त ती कुठे थांबते एवढाच. स्वाइप ओळखताना कीबोर्ड रेघेचा आकार बघतो, म्हणजे सुरुवात, वळणं आणि शेवट. वळण नसलेल्या शब्दात त्याला धरायला शेवटच्या टोकाशिवाय काही उरत नाही. मग तो तुम्ही नेहमी काय लिहिता आणि आधीचा शब्द कोणता, यावरून अंदाज बांधतो. इंग्रजीत put, pit आणि pot चं हेच होतं, तिन्ही p पासून t पर्यंत सरळ रेघा. उलट mhanun बघा, नुसती नागमोडी वळणं. तो शब्द घाईत वेडावाकडा ओढला तरी «म्हणून» येतोच.

आता यात एकहाती कीबोर्डची भर. मी पट्टी लावून मोजलं होतं. माझ्या फोनच्या पूर्ण कीबोर्डवर एक अक्षर साधारण ७ मिलिमीटर रुंद आहे, एकहातीत ते ६ च्या आत येतं. u आणि i मध्ये तेवढंच अंतर, आणि अंगठ्याचं टोक त्याहून कितीतरी रुंद. म्हणजे अक्षरं जवळ आली, पण नेम धरणं अवघड झालं.

मी दोन गोष्टी केल्या. दोन अक्षरांचे शब्द स्वाइप करणं सोडलं, ते सरळ टॅप करतो. एकाच कीबोर्डवर टॅप आणि स्वाइप दोन्ही चालतं, मध्ये काही बदलावं लागत नाही. दुसरं, एकहाती कीबोर्डच्या शेजारच्या रिकाम्या पट्टीत आकार बदलायचं बटण असतं. ते दाबून कीबोर्ड अंगठा पोचेल तेवढा रुंद केला आणि उजव्या कडेपासून किंचित आत, थोडा वर सरकवला. अगदी कडेला असला की p आणि l साठी अंगठा मुळातून दुमडावा लागतो, आणि तळाशी असला की फोन खाली धरावा लागून वरून जड होतो. हे करून बघाच.

पाऊलवाट

माझ्या फोनवर तर फार सोपं आहे. सेटिंगमध्ये जेश्चरखाली एकहाती मोड चालू केला, खालच्या कडेवर बोट खाली ओढलं की अख्खा स्क्रीन अर्ध्यावर उतरतो. वरची बटणं हाताशी येतात. तुम्ही उगाच कीबोर्डशी झटापट करताय.

वाटाड्या

पाऊलवाट, ती सोय वेगळी. नाव सारखं असल्याने बरेच जण फसतात. तिने वरचा मजकूर खाली येतो, कीबोर्डची रुंदी तेवढीच राहते. q लांब होता तो लांबच.

शुक्रतारा

स्वाइप करताना प्रत्येक अक्षरावर क्षणभर थांबायचं, म्हणजे चुका होत नाहीत. आणि एकच अक्षर लागोपाठ दोनदा असेल तर त्यावर छोटा गोल काढायचा. मी कित्येक वर्षं असंच करतो.

वाटाड्या

वळणावर जरा सावकाश जाणं ठीक, पण प्रत्येक अक्षरावर थांबलात तर टॅप करण्याहून जास्त वेळ जाईल. मधली अक्षरं नुसती वाटेत आली तरी पुरतात, वळण मात्र त्या अक्षरावर नीट पडायला हवं. गोलाचं म्हणाल तर काही कीबोर्डना तो कळतो, पण गरज क्वचितच पडते. रोमन मराठीत तर mala आणि maalaa दोन्हींची रेघ एकच. «मला» की «माला» हे वरच्या सजेशन पट्टीतूनच निवडायचं.

ओंजळ

माझं प्रकरण निराळं आहे. उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. डाव्या हाताने लिहिण्याची अजिबात सवय नव्हती. एकहाती कीबोर्डच्या शेजारी बाण असतो, तो दाबला की कीबोर्ड डावीकडे जातो. पहिले चार दिवस रडू यायचं, कारण रेघा डोक्यात उजव्या अंगठ्याच्या होत्या. मग लक्षात आलं की माझी रेघ मध्येच तुटते. बोटामागे उमटणारी निळी रेघ दिसत राहील असं सेटिंग चालू ठेवलं, तेव्हा कळलं. अंगठा घामेजला की ती तुटायची आणि अर्धाच शब्द उमटायचा, मला वाटायचं मीच चुकतेय. अंगठा पुसून लिहायला लागले आणि निम्म्या चुका गेल्या. स्वाइपने आलेला शब्द चुकला तर लगेच बॅकस्पेस एकदाच दाबायचं, अख्खा शब्द जातो. एका हाताला ही फार मोठी मदत आहे.

रानवारा

आयफोनवर ग्लोब किंवा इमोजीचं बटण दाबून धरलं की डावा, पूर्ण, उजवा असे तीन छोटे कीबोर्ड दिसतात, हवा तो निवडायचा. फोन आडवा केला की एकहाती नाहीसा होतो, मी सुरुवातीला ते बिघडलंय समजत होतो. माझी अडचण नावांची आहे. मित्राचं टोपणनाव स्वाइपने कधीच येत नाही.

ओंजळ

रानवारा, आयफोनचं माहीत नाही. माझ्याकडे नवं नाव एकदोनदा टॅप करून लिहिलं आणि पट्टीतून तेच निवडलं, मग ते स्वाइपनेही यायला लागलं. शब्दकोशात नसलेला शब्द नुसत्या रेघेवरून त्याला कुठून सुचणार?

निळी शाई

वाटाड्या, कालपासून तुमच्यासारखा बसवलाय. रुंद केला, कडेपासून आत आणला. एकच निरोप दोन्ही प्रकारे लिहून घड्याळ लावलं. सगळं स्वाइप केलं तेव्हा ५२ सेकंद, त्यात तीन दुरुस्त्या. तू, ती, तो, ते टॅप करून बाकी स्वाइप केलं तेव्हा ४१ सेकंद, दुरुस्ती एक. तीसुद्धा «हो» आणि «ही» ची. ho आणि hi या दोन्ही रेघा वर उजवीकडेच जातात, आता तेही टॅप करणार.

एक विचारायचं राहिलं. रात्री बराच वेळ लिहिलं की अंगठ्याच्या मुळाशी दुखतं. टॅप करताना एवढं दुखत नव्हतं. आणखी कुणाला होतंय का?

शुक्रतारा

मला उलट टॅप करताना दुखायचं, स्वाइपने कमी झालं.

ओंजळ

माझा डावा अंगठा दुखायचा तो फोन तोलून धरल्यामुळे. बसून लिहिताना फोन मांडीवर टेकवला की दुखत नाही. उभ्याने लिहिताना मात्र अजून उपाय सापडलेला नाही.