मित्राचे वडील गेले. न्यायचं काय आणि लिहायचं काय?

प्रश्न (गंगापूररोडकर): मित्राचे वडील परवा गेले. घर इंदिरानगरला, घरात तो, आई, बायको आणि लहान मुलगी. काहीतरी घेऊन जायचंय आणि चार ओळी लिहायच्यात, पण त्याला त्रास नको. रोज फोन करणं बरं नाही वाटत.

गोदाकाठ: दूध न्या. भेटायला येणाऱ्यांमुळे दिवसभर चहा चालू राहतो आणि सगळ्यात आधी दूधच संपतं. लहान कपाला साधारण 50 मिली दूध धरलं तर 2 लिटरमध्ये 40 कप होतात. सोबत पाव किलो चहा पावडर, 2 किलो साखर आणि कागदी कपांची 100 ची पिशवी. कप आठवणीने न्या, नाहीतर त्याची बायको दिवसभर मोरीपाशीच उभी राहील. दूध सकाळी 7 च्या आत पोचवा. 11 वाजता आणलेलं दूध त्यांनाच तापवत बसावं लागतं.

जेवण आज-उद्या नको. पहिले तीन दिवस चूल पेटत नाही म्हणून सगळे नातेवाईक एकदम डबे आणतात आणि पिठलं-भात टाकून द्यावा लागतो. पाचव्या दिवसापासून नवव्यापर्यंत कोणी फिरकत नाही. तेव्हा मुगाची खिचडी न्या. चौघांना 2 वाट्या तांदूळ, 1 वाटी मूगडाळ पुरते. डबा परत मागू नये असाच असावा, कारण सुतकात डबे कोणाचे ते लक्षात ठेवणं हे घरच्यांना आणखी एक काम होतं.

सिडको_२: साखर कशी काय नेता? सुतकात गोड चालत नाही.

गोदाकाठ: पेढे-मिठाई चालत नाही, हे खरं. चहा मात्र बहुतेक घरांत होतोच. तळण, कांदा-लसूण याबाबत घरोघरी वेगळं असतं, ते मित्राला नको, शेजारच्या काकूंना किंवा चुलतभावाला विचारा.

मामलेदार: दुखवटा सोयऱ्यांकडून येतो. टॉवेल, टोपी, आईला साडी. तेच करा.

पंचवटीकर: मामलेदार, ते सोयऱ्यांचं. हा मित्र आहे, त्याने कपडे नेले तर घरचे गोंधळतील.

पण गोदाकाठ, मला हे दाराशी दूध ठेवून पळणं पटत नाही. आपल्याकडे माणूस गेला की भेटायला जातात, बसतात. चिठ्ठीवर भागवलं तर नातेवाईकांत त्याला ऐकावं लागेल, "तुझा मित्र आलाच नाही." जा, दहा मिनिटं गप्प बसा, आणि निघताना "येतो" म्हणू नका, नुसते उठा.

गोदाकाठ: जाऊ नका असं कोण म्हणतंय? एकदा जायचंच. प्रश्न रोजच्या विचारपुशीचा आहे. दहाव्याला सकाळी मात्र घरी जाऊ नका. पुरुषमंडळी बहुधा रामकुंडावर असतात, आणि कावळा कधी शिवेल याचा नेम नसतो. तिथेच जाऊन उभे राहा.

आयटीवाली: आमच्या टीममधले 14 जण वर्गणी काढून मोठा बुके पाठवणार आहेत. चालेल ना?

सिडको_२: बुके ठेवणार कुठे? बैठकीत लोक खाली बसलेले असतात. त्या पैशांत वीस लिटरचे पाण्याचे जार आणि आठ-दहा भाड्याच्या खुर्च्या होतील. म्हाताऱ्या माणसांना खाली बसून उठवत नाही.

गोदाकाठ: हे मात्र नेमकं. आता चिठ्ठी. तिच्यात तीन गोष्टी हव्यात: गेलेल्या माणसाची एक खरी आठवण, तुम्ही कधी काय करणार ते, आणि उत्तराची सुट्टी. "काही लागलं तर सांग" लिहू नका, कारण काय लागतंय हे शोधून मागायचं काम मग त्याच्यावरच येतं. "वय झालं होतं", "सुटले बिचारे" हे घरच्यांनीच म्हणायचं, आपण नाही. "कसं झालं?" तर अजिबात नको. तो हे दिवसाला वीस वेळा सांगतोय. असं काहीसं लिहा:

> काका गेल्याचं कळलं. स्कूटर शिकवताना मागे धावत यायचे, ते सारखं आठवतंय. उद्या आणि परवा सकाळी 7 ला दूध पोचवतो. शुक्रवारी संध्याकाळी 7 ला खिचडी. उत्तर देऊ नकोस. नको असेल तर नुसतं "नको" टाक.

आठवण खरी नसेल तर ती ओळच गाळा. बनावट कळते.

पंचवटीकर: "उत्तर देऊ नकोस" हे कोरडं वाटतं मला. आणि हाताने लिहा, आईलाही वाचता येईल. व्हॉट्सॲपवर ते शंभर "भावपूर्ण श्रद्धांजली"त हरवेल.

गोदाकाठ: हाताने लिहा, मान्य. "उत्तर देऊ नकोस" मी ठेवीनच.

आयटीवाली: आणि फोटो? मोठा करून फ्रेम दिली तर?

सिडको_२: न विचारता नको. कोणता फोटो लावायचा हे घरचे ठरवतात. करायचाच असेल तर मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा, व्हॉट्सॲपवर साधा आलेला मोठा केला की चेहरा फाटतो.

गंगापूररोडकर: दूध उद्यापासून. आज संध्याकाळी जाऊन बसतो. उत्तराची ओळ ठेवायची की नाही, ते अजून ठरत नाहीये.