मदत हवी आहे: मसाला पॅकिंगमध्ये ९ दिवस कुठं जातात?

शिरोलीकर: आमचं कांदा-लसूण मसाल्याचं छोटं युनिट आहे, शिरोली एमआयडीसीत. व्हॅल्यू स्ट्रीम मॅप, म्हणजे माल कुठनं कुठं जातो नि किती वेळ घेतो त्याचा नकाशा, काढायला बसलो, दळणं, पाऊच, बॉक्स सगळ्याचा वेळ लिहिला तर अख्ख्या मालाला दिवसभराचंच काम निघतंय, आणि दळलेला माल गेटबाहेर पडायला मात्र ९ दिवस! काका म्हणतात दुसरं पाऊच मशीन घेऊ. घ्यावं का?

गूळवाला: घ्या की. आमच्याकडं सीझनला बॉक्सच संपतात बघा, लै ताप होतो.

पॅकिंगवाला_७: अहो, मशीनचा वेळ लिहिलात, पण मधे पडून असलेला माल मोजलात का? गेटपासून उलटं चालत या, जिथं माल थांबलाय तिथं किलोत मोजा (पाकिटं नको, साइझ वेगवेगळे असतात) आणि रोज जाणाऱ्या किलोनं भागा.

शिरोलीकर: आज मोजलं. रोज सरासरी ५०० किलो जातो. ड्रममध्ये १५००, क्रेटमध्ये सुटी पाकिटं १०००, गोडाऊनला बॉक्स २०००. म्हणजे ३, २ आणि ४ दिवस, बरोबर ९! आणि गंमत म्हणजे गोडाऊन भरलेलं, पण बेळगावची ५० ग्रॅमची ऑर्डर अडकलेली.

लीनप्रेमी: मग ड्रम शून्य करा, दळलं की थेट पॅक.

पॅकिंगवाला_७: असलं करू नका हो! पल्व्हरायझरमधून माल गरम निघतो, तसाच पाऊचात भरला तर आतून वाफ धरते आणि मसाल्याच्या गुठळ्या होतात. एक रात्र गार होऊ द्यायलाच लागतो. पण एक रात्र, ३ दिवस नव्हे. बरं, ५० ग्रॅम आठवड्यात कितीदा चालवता?

शिरोलीकर: एकदाच, शुक्रवारी. साइझ बदलायला दोन तास जातात म्हणून एकदा लावलं की भरपूर काढून घेतो.

पॅकिंगवाला_७: तिथंच तुमचे दिवस गेले बघा. शुक्रवार चुकला की गिऱ्हाईक आठवडाभर थांबणार, आणि नको असलेल्या साइझनं गोडाऊन भरणार. दुसरं मशीन आणलं तरी त्याच सवयीनं चालवलं तर ढीगच वाढेल. पुढच्या वेळी साइझ बदलताना मोबाइलवर शूटिंग करा.

शिरोलीकर: केलं आज. पाऊचला साइझप्रमाणे आकार देणारी कॉलर बदलायला २५ मिनिटंच लागली राव! बाकी पाना शोधणं, रोल गोडाऊनमधनं आणणं, मग तारखेचा छाप नि वजन बघायला सुपरवायझर जेवून येईपर्यंत सगळे उभे.

पॅकिंगवाला_७: रोल, पाना आणि दुसरी कॉलर मशीन चालू असतानाच शेजारी आणून ठेवा. तास-पाऊण तासावर आलात की ५० ग्रॅम आठवड्यात दोनदा लावा, आणि महिन्यानं परत किलो मोजा. मशीनचं तेव्हा बघू.

लीनप्रेमी: पण वर्षभराच्या सरासरीनं भागलं तर दिवाळीत आकडा चुकणार ना?

पॅकिंगवाला_७: हो, हे मात्र बरोबर बोललात. चालू महिन्याचा रोजचा आकडा घ्या.

शिरोलीकर: पाना-रोलचं उद्यापासनं करतो. पण क्रेटमधली ती १००० किलो का थांबतात ते अजून कळेना, रिकामे बॉक्स तर भरपूर पडलेत. बॉक्स भरायच्या टेबलावर दोनच बायका आहेत, त्यामुळं असेल का?