तळाशी क्रॅकल्स म्हणजे पाणीच का?

रेसिडेंट_मेडिसिन: वय ६८, जिना चढताना दम, कोरडा खोकला. दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी क्रॅकल्स. पाणी समजून ते लघवीवाटे काढायला फ्युरोसेमाइडची ४० मिग्रॅ गोळी रोज चालू केली. पाच दिवसांत वजन २ किलो उतरलं, आवाज मात्र जसाच्या तसा. डोस वाढवू का?

वॉर्ड_२: वाढवा. हवा पाण्यातून गेली की बुडबुडे फुटतात, तोच आवाज तुम्हाला ऐकू येतोय. २ किलो उतरलं म्हणजे पाणी होतंच. अजून थोडं उरलंय, इतकंच.

श्वसनविभाग: माझं मत उलट आहे, डोस वाढवू नका. बुडबुड्यांचा हिशेब इथे जुळत नाही. तळाचे बारीक क्रॅकल्स बहुधा श्वास आत घेतानाच येतात आणि तेही शेवटी शेवटी. नुसते बुडबुडे असते तर श्वास सोडतानाही तितकेच वाजले असते. खरं असं होतं की श्वास सोडताना तळाच्या बारीक श्वासनलिका मिटतात. पुढच्या श्वासात फुप्फुस ठरावीक इतकं फुगलं की त्या एकेक करून फटकन उघडतात. प्रत्येक उघडण्याचा एक टिचका. म्हणून ते दर श्वासात साधारण त्याच जागी येतात. कानाजवळचे केस बोटांत धरून चोळा, तसाच आवाज असतो.

आता नलिका मिटतात कशाने, ते पाहा. हार्ट फेल्युअरमध्ये त्यांच्या भोवतीचा भाग पाण्याने सुजतो आणि त्या दाबल्या जातात. फायब्रोसिसमध्ये फुप्फुस कडक होऊन आक्रसतं आणि त्यामुळे त्या मिटतात. आवाज जवळपास सारखा, कारण वेगळं. तेव्हा नुसत्या क्रॅकल्सवरून पाणी ठरवता येत नाही.

आधी चार-पाच खोल श्वास घ्यायला लावा. बराच वेळ पडून असलेल्या निरोगी माणसातही पहिल्या एक-दोन श्वासांना तळाशी टिचके येतात आणि मग जातात. नंतर जोरात खोकायला सांगून त्याच जागी पुन्हा स्टेथो ठेवा.

फिजिओ_मॅडम: सर, बुडबुडे अगदीच निकालात काढू नका. ब्राँकिएक्टेसिसचे पेशंट रोज ऐकते. त्यांचे क्रॅकल्स जाड, खालच्या पट्टीचे, श्वास सुरू होताच येतात, सोडतानाही येतात, आणि बेडका पडला की निम्मे गायब. तिथे कफातून हवा जातेच ना?

श्वसनविभाग: बरोबर, मॅडम. जाड क्रॅकल्समध्ये मोठ्या नलिकांतल्या कफाचा वाटा आहेच. माझं म्हणणं तळाच्या बारीक क्रॅकल्सपुरतं होतं.

मुलगा_७२: माझ्या वडिलांच्या छातीत रात्री शिट्टी वाजते. डॉक्टर कफ म्हणतात. हा फायब्रोसिसच समजायचा का?

श्वसनविभाग: नाही हो, शिट्टीची गोष्ट वेगळी. क्रॅकल तुटक असतो, व्हीज सलग. नलिका इतकी अरुंद होते की तिच्या भिंती जवळजवळ टेकतात आणि जाणाऱ्या हवेने थरथरतात, पिपाणीच्या पातीसारख्या. दमा, सीओपीडी, कधी हार्ट फेल्युअरही. रात्री आडवं झाल्यावर वाढते का, उशी उंच केल्यावर कमी होते का, हे डॉक्टरांना सांगा. आणि दम वाढत असताना शिट्टी एकाएकी थांबली तर ते बरं लक्षण नाही: भिंती थरथरण्याइतकी हवाच जात नसते. तेव्हा सरळ इमर्जन्सीत न्या.

वॉर्ड_२: राँकाय म्हणजे खोकल्यावर जाणारा आवाज, व्हीज म्हणजे न जाणारा. सोपं आहे.

फिजिओ_मॅडम: इतकं सोपं नाही. राँकाय म्हणजे घोरल्यासारखी खालच्या पट्टीतली घरघर, बहुतेकदा मोठ्या नलिकांत कफ असल्याने. खोकल्यावर अनेकदा जाते, पण कफ चिकट असला तर दहा वेळा खोकूनही तशीच राहते. मी तर तिला जाड व्हीजच म्हणते.

श्वसनविभाग: यावर आमच्यातही एकमत नाही. मी राँकाय वेगळे लिहितो, कारण ते लिहिलं की कफ काढण्याकडे लक्ष जातं. मात्र एकाच जागी, एकाच सुरात, खोकल्यानेही न बदलणारा सलग आवाज असेल तर नाव काहीही द्या, नलिकेत गाठ किंवा अडकलेली वस्तू नाही ना, हे पाहायलाच हवं.

रेसिडेंट_मेडिसिन: पुन्हा तपासलं. खोल श्वासांनंतर आणि खोकल्यानंतरही टिचके तसेच, श्वास आत घेण्याच्या शेवटी. पायांना सूज नाही, मानेची शीर फुगलेली नाही. नखं मात्र फुगीर आहेत, पहिल्या दिवशी लक्षातच आलं नाही. बसून ऑक्सिजन ९५, सहा मिनिटं चालवल्यावर ८६.

श्वसनविभाग: हे फायब्रोसिसकडे झुकतंय. एचआरसीटी करा, पालथं झोपवूनही काप घ्या, नाहीतर तळाशी साचलेली सावली फसवते. क्रिएटिनीन आणि पोटॅशियम आजच पाठवा.

वॉर्ड_२: सीटी करा, पण इकोशिवाय गोळी बंद करू नका. दोन्ही आजार एकाच माणसात असू शकतात.

श्वसनविभाग: असू शकतात, इको कराच. पण सूज नाही, शीर फुगलेली नाही, तर मी रिपोर्ट येईपर्यंत गोळी थांबवली असती.

वॉर्ड_२: मी ४० वरच ठेवली असती.