बुडायला आलेली फौंड्री, पवनचक्कीची ऑर्डर आणि माझे अडकलेले पैसे

शिरोलीचा पॅटर्नवाला
शिरोली एमआयडीसीत माझं पॅटर्नचं, म्हणजे कास्टिंगच्या साच्यासाठी लागणाऱ्या नमुन्यांचं, छोटं वर्कशॉप आहे. एका फौंड्रीकडं माझे २२ लाख अडकलेत. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे, बँकेचे हप्ते थकलेत. ट्रॅक्टरच्या कास्टिंगचं काम हातात होतं, नफा थोडा पण खात्रीचा. ते कमी करून मालकानं उरलासुरला पैसा पवनचक्कीच्या मोठ्या कास्टिंगच्या एक्स्पोर्ट ऑर्डरीत घातला. असलं काम त्यानं जन्मात केलेलं नाही. बुडायला आलेला माणूस जपून चालतो ना? मग हा असा का वागतोय? आणि आता नवीन पॅटर्न उधारीवर मागतोय, देऊ का?

गंगावेसकर
नियत फिरली, दुसरं काय. लोकांच्या पैशावर जुगार चाललाय. एक पॅटर्न देऊ नका.

रंकाळ्याचा वारा
पवनचक्कीला मागणी चांगली हाय की. सगळं जग तिकडंच चाललंय. मालकाला दोष कशाला?

भट्टीवरचा
रंकाळा, प्रश्न मागणीचा नाही. मी वितळणावर २० वर्षं काढली. पवनचक्कीला जे एसजी आयर्न, म्हणजे गोल ग्रॅफाइटचं लोखंड, लागतं ते उणे २० डिग्रीला आपटून तपासतात. जाड भाग सावकाश थंड होतो, तिथं ग्रॅफाइटचे गोळे नीट बनत नाहीत, तुकडे तुकडे होतात. वरून पीस झकास दिसतो, अल्ट्रासॉनिक लावलं की रिजेक्ट. ट्रॅक्टरचा पीस रिजेक्ट झाला तर किलोंचं नुकसान, इथं टनांचं. पहिल्यांदा करणाऱ्याचे बहुतेक पीस परत भट्टीतच जातात. मालकाला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

निवृत्त कर्जवाला
माहीत असणारच. मी बँकेत कर्ज विभागात होतो, अशी खाती डोळ्यांनी बघितलीत. नियतीवर जायच्या आधी आकडे मांडा. सोपे धरतो.

कंपनीकडं ६ कोटी उरलेत. देणं १० कोटी: ८ बँकेचं, २ तुमच्यासारख्या पुरवठादारांचं. ट्रॅक्टरचं काम चालू ठेवलं तर वर्षाअखेर ६ चे साडेसात होतात, नक्की. पवनचक्कीत पाचात एकदा २० कोटी होतात, चारदा २ कोटीच उरतात. सरासरी काढली तर ५.६ कोटी. म्हणजे धंदा म्हणून पवनचक्की सरळ सरळ वाईट.

आता मालकाच्या खुर्चीत बसा. साडेसात कोटी आले तरी सगळे बँकेला जातात, त्याच्या हाती भोपळा. पवनचक्की जमली तर १० कोटी देणं फेडून १० त्याचे. फसली तर भोपळाच, पण भोपळा तसाही होताच. पाचात एकदा १० कोटी, म्हणजे त्याच्या लेखी सरासरी २ कोटी. बँकेला मात्र साडेसातऐवजी सरासरी ३.२ मिळतात. वर जातं ते मालकाचं, खाली जातं ते बँकेचं. आणि मालक, बँक, पुरवठादार अशा तिघांची बेरीज करून जे १.९ कोटी कमी पडतात ते कुणाच्याच खिशात जात नाहीत, रिजेक्ट झालेल्या पिसांबरोबर जातात. कर्जाची खरी किंमत व्याजात दिसत नाही, ती इथं दिसते.

सीए फायनलचा
बरोबर. अर्थतज्ज्ञ जेन्सन आणि मेकलिंग यांनी १९७६ मध्ये हेच मांडलं. मर्टननं १९७४ मध्ये शेअरला कंपनीच्या मालमत्तेवरचा कॉल ऑप्शन, म्हणजे ठरल्या किमतीला ती घ्यायचा हक्क, मानला. चढउतार वाढला की ऑप्शन महागतो. त्यामुळे लिमिटेड कंपनीचा भागधारक नेहमीच जास्त जोखीम पसंत करतो.

निवृत्त कर्जवाला
'नेहमीच' तेवढं काढा. हीच दोन कामं, तोच मालक, पण देणं १० ऐवजी ४ कोटी धरा. ट्रॅक्टरमध्ये त्याला नक्की साडेतीन कोटी मिळतात, पवनचक्कीत पाचात एकदा १६, म्हणजे सरासरी ३.२. तो निमूटपणे ट्रॅक्टर निवडेल. माणूस बदलला नाही, कर्ज बदललं. चांगल्या कंपनीच्या भागधारकाकडं गमावण्यासारखं असतं, म्हणून तो जपून असतो.

इचलकरंजीचा मागवाला
मला हे पटत नाही. आमच्या वडिलांचे यंत्रमाग होते, कर्ज थकलं. त्यांनी नवीन मशिनरीचा नाद सोडला, सहा माग विकले आणि हप्ते भरले. ४ वर्षं लागली. जुगाराचा विचार त्यांच्या मनातसुद्धा आला नाही. सगळेच मालक असे नसतात. तुमचा हिशेब म्हणजे माणसाला कॅल्क्युलेटर समजणं झालं.

निवृत्त कर्जवाला
तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे, मनापासून. पण फर्म त्यांच्या नावावर होती ना? तिथं कर्ज घरापर्यंत येतं, फसलं तर भोपळ्यावर थांबत नाही. लिमिटेड कंपनीत बँक हेच साधायला मालकाची वैयक्तिक हमी घेते.

सीए फायनलचा
मग इथं हमी असणारच! २०१९ पासून अशा हमीदारावर दिवाळखोरी कायद्याखाली थेट कारवाई होते. म्हणजे तुमचं उदाहरण इथं लागूच होत नाही.

निवृत्त कर्जवाला
हमीच्या मागं काय आहे त्यावर ठरतं. समजा मालकाचं १ कोटीचं घर आहे. ट्रॅक्टरमध्ये बँकेचे ५० लाख कमी पडतात, तेवढे घरातून जाणार. पवनचक्की फसली तर अख्खं घर जाणार, पण जमली तर १० कोटी. सरासरीत पवनचक्कीच पुढं. हमीत सव्वातीन कोटींच्या आसपास मालमत्ता असेल तेव्हाच पारडं ट्रॅक्टरकडं झुकायला लागतं. थकलेल्या मालकांकडं तेवढं क्वचितच उरतं, घर तर आधीच गहाण असतं.

शिरोलीचा पॅटर्नवाला
थांबा, एक कळलं नाही. ट्रॅक्टरमध्ये साडेसात आले तर सगळे बँकेला गेले. मग माझ्या २२ लाखांचं काय?

निवृत्त कर्जवाला
शून्य. बँकेकडं तारण आहे, ती आधी. तुमची पाळी ८ कोटींनंतर येते. पवनचक्की जमली तर मात्र तुमचे पूर्ण पैसे येतात. कटू आहे, पण जुन्या २२ लाखांपुरते तुम्ही बँकेच्या नाही, मालकाच्या बाजूला उभे आहात.

गंगावेसकर
म्हणजे आता जुगार जिंकावा म्हणून अंबाबाईला नवस बोलायचा? काय हे साहेब! पुरवठादारांना न सांगता हे केलं, ते चूकच.

निवृत्त कर्जवाला
चूक नाही असं मी म्हटलंच नाही. मालक का करतोय ते सांगितलं. आणि जुने २२ लाख वेगळे, नवीन पॅटर्न वेगळे. नवीन माल उधार दिला तर तुमच्या पैशानं त्याचं तिकीट काढलंत, बक्षीस मात्र त्याचं. पाचात चारदा तेही जाणार आणि जमलं तरी तुम्हाला बिलापेक्षा एक रुपया जास्त नाही.

एक बघा. ट्रॅक्टरच्या गिऱ्हाइकाचे पैसे कर्जाच्या खात्यात न येता दुसऱ्या बँकेच्या चालू खात्यात जायला लागलेत का? आमच्याकडं आधी तेच दिसायचं. बँकेला दिलेल्या महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटात माल तेवढाच दाखवलेला आणि आवारात नुसते वाळूचे ढीग.

भट्टीवरचा
आणि पहिल्या पिसाचा अल्ट्रासॉनिक रिपोर्ट मागा. गिऱ्हाइकानं सॅम्पल पास केलं असेल तर पाचात एक हा आकडा बदलतो. तेव्हा मीसुद्धा वेगळं बोलेन.

इचलकरंजीचा मागवाला
रिपोर्ट पास झाला तर उधारी द्यायची? मी तरी नाही देणार.

शिरोलीचा पॅटर्नवाला
काल त्याच्याकडं जाऊन आलो. नवीन पॅटर्न अर्धे पैसे आगाऊ आणि बाकी डिलिव्हरीला, असं सांगितलं. त्यानं नाही म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही. निघताना आवारात बघितलं, एक मोठा पीस ताडपत्रीखाली होता, त्यावर लाल रंगाची फुली. भट्टीवरचे दादा, लाल फुली म्हणजे रिजेक्टच ना?

भट्टीवरचा
बहुतेक ठिकाणी तेच. पण एकदा विचारून घ्या, काही जण तपासायचा राहिलेला पीससुद्धा लालनंच खुणावतात.