मदत हवी आहे: छोट्या टेरेससाठी घसरगुंडी घ्यावी की झोका?

आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे. टेरेस 12 बाय 8 फूट, कठडा साडेतीन फूट, खाली टाइल्स. मुलगा अडीच वर्षांचा, मुलगी पाच.

स्टँडचा झोका मी जवळपास बाद केलाय. दांडी जेवढी उंच, त्याच्या दुप्पट जागा पुढे आणि तेवढीच मागे मोकळी लागते. म्हणजे चार फुटी झोक्यालाही पुढे-मागे आठ-आठ फूट हवेत. एवढी जागा आणायची कुठून?

चढायची लाकडी त्रिकोणी शिडी मुलीला हवी आहे. पण शिडीची उंची अडीच फूट. ती कठड्याजवळ सरकली आणि पोर वर उभं राहिलं, तर पायापासून कठडा उरतो जेमतेम फूटभर! परवाच धाकट्याने प्लास्टिकचं स्टूल ढकलत ढकलत कठड्यापर्यंत नेलं आणि त्यावर एक पाय ठेवला. तेव्हापासून माझी झोप उडालीय. त्यामुळे शिडी आत हॉलमध्येच ठेवणार.

राहिली छोटी प्लास्टिकची घसरगुंडी. तीही हलकी, मुलं सहज ओढतात. आधी पूर्ण उंचीची जाळी बसवून घेतेय, पण फक्त जाळीच्या भरवशावर राहायचं नाहीये.

ज्यांच्याकडे आहे त्यांनी सांगा: घसरगुंडी जागची हलू नये म्हणून भिंतीला कशी बांधलीत? टाइल्सवर किती जाड मॅट घातलीत? पातळ फोमच्या मॅटवर गुडघा टेकवला तर खालची फरशी लागते, ती नको. आणि दोघांना चालेल अशी उंची किती घ्यावी?