मदत हवी आहे: गडव्याच्या चित्रात शिकवायचं नेमकं काय?

खडूफळा: जि.प. शाळा आहे, सहावी सातवी एकत्र बसते. मी इतिहासवाला, चित्रकला माझ्या गळ्यात पडली. मागच्या महिन्यात फळ्यावर गडवा काढून दिला, पोट्ट्यांनी मस्त उतरवला, रंगवला, भिंतीवर लावला. मग पाहायला आलेले साहेब म्हणे, "छान आहे, पण शिकले काय?" मले काही सांगता आलं नाही. गुरुवारी तास आहे, टाचण लिहायचं आहे, लवकर सांगा.

सावजी रस्सा: पोरं किती, वेळ किती, बसतात कशावर? हे न सांगता टाचण कोण देणार तुम्हाले.

खडूफळा: 34 पोरं, 35 मिनिटं, सतरंजीवर. कागद आणि पेन्सिल आहे, रंग संपले.

अमरावतीची सून: माझी मुलगी सातवीत आहे, एलिमेंटरीला या वर्षी बसवू की पुढच्या? वस्तुचित्रात फार कच्ची आहे हो.

खडूफळा: ताई, हा प्रश्न माझा नाही ना.

जुना कलाशिक्षक: सर, गडवा ठेवा बाजूला. त्यात पोट, मान, कडा, चकाकी इतकं काही असते की पोरगं कशात चुकलं ते तुम्हाले सापडतच नाही. खिचडीच्या वेळचे स्टीलचे पेले घ्या, दोघांत एक. टाचणात एवढंच लिहा: "पेला डोळ्याच्या जितका खाली, तितकं त्याचं तोंड फुगीर दिसते, हे विद्यार्थी पाहून काढेल." रंग नको, छटा नको.

पहिली दहा मिनिटं पेन्सिल उचलूच देऊ नका. एकाने पेला धरायचा, दुसऱ्याने एक डोळा मिटून पाहायचं. पेल्याची कड बरोबर डोळ्यासमोर आली की ती नुसती आडवी रेघ दिसते. तिथून हळूहळू खाली न्या, रेघ उघडत उघडत लंबगोल होते. मग जोड्या बदला. त्यानंतर एकाच कागदावर तीन लहान पेले, डोळ्यासमोरचा, छातीजवळचा, सतरंजीवरचा.

तळाकडे लक्ष ठेवा. पेला जमिनीवर सपाट बसला हे पोराले माहीत असते, म्हणून हात तळाशी सरळ रेघ ओढतो. तळ तर तोंडापेक्षाही खाली आहे, म्हणजे रुंदीला लहान असला तरी त्याचा बाक जास्त हवा. आधी तळाचा पूर्ण लंबगोल फिक्का काढायचा, पेला काचेचा आहे असं समजून, आणि मागची बाजू खोडायची.

ब्रशवाला: एवढं कशाला? बांगडी ठेवून गोल मारायचा, झालं. आणि पुढचा अर्धा भाग जवळ असतो म्हणून थोडा मोठा काढायचा, आम्हाले असंच शिकवलं होतं.

जुना कलाशिक्षक: बांगडीने गोल येतो, लंबगोल नाही, मग पेला वरून पाहिल्यासारखा अन् अंग समोरून, असं अर्धं अर्धं होते. पुढचं अर्धं मोठं हेही तुम्ही अर्धंच ऐकलं. पेल्याच्या तोंडाचा खरा मध्य लंबगोलाच्या मध्याच्या जरासा मागे पडतो, तेवढं खरं. पण लंबगोल दोन्हीकडे सारखाच. आडव्या मधल्या रेघेवर कागद दुमडा, उजेडात धरा, दोन्ही कडा जुळल्या पाहिजेत. पोरं स्वतःच तपासतात. टोकं करंजीसारखी आली तर हात कोपऱ्यात थांबला, तिथून फिरवत न्यायला लावा.

सावजी रस्सा: बाप्पा, पेल्यात भूमिती! पोरांना मोकळं काढू द्या ना, तान्ह्या पोळ्याचा नंदी काढा म्हणा, बघा कसे रंगतात.

जुना कलाशिक्षक: काढा ना नंदी, शनिवारी. मी एका तासाबद्दल बोलतोय.

खडूफळा: फळ्यावर काढून दाखवू की नाही? नाही दाखवलं तर पोट्टे बसून राहतात.

जुना कलाशिक्षक: चुकीचा पेला काढा. सपाट तळाचा. "काय चुकलं?" विचारा अन् पुसून टाका. तुमचा बरोबर पेला फळ्यावर राहिला की मागच्या रांगेतलं पोरगं तुमचाच उतरवते, त्याच्या जागेवरून वेगळा दिसत असला तरी.

खडूफळा: आज घेतला तास. रेघेचा प्रकार पाहून पोरं खूश, पेला वरखाली करण्यातच पंधरा मिनिटं गेली, सतरंजीवरचा पेला अर्ध्यांचा राहिलाच. शेवटी न सांगता खिचडीचा गंज मधे ठेवला अन् फक्त तोंड अन् तळ काढा म्हटलं. 34 पैकी 23 जणांचा तळ वाकला. बाकी 11 चा सरळच. त्यातली एक पोरगी म्हणे, "सर, पण गंज तर डुगडुगत नाही."

जुना कलाशिक्षक: तिच्या समोर गंजाच्या तळाशी ओला दोरा गुंडाळा, अन् तो दोरा कसा दिसतो तेवढंच काढायला सांगा.

खडूफळा: करतो. पण भिंतीवर काय लावू? सरपंच म्हणतात फलक रिकामा दिसते.

अमरावतीची सून: अहो, एलिमेंटरीचं कोणी सांगेल का?